लग्नसराईची तयारी श्रावणात : वऱ्हाडातल्या सलूनच्या यंत्रांचे वेळापत्रक

वऱ्हाडातल्या सलूनचे वर्ष इंग्रजी कॅलेंडरने चालत नाही, ते पंचांगाने चालते. श्रावणात कितीतरी पुरुष महिनाभर दाढी-कटिंग करत नाहीत. श्रावण वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी येते आणि त्या दिवशी नाभिक समाजातली बरीच दुकाने बंद असतात. तीनेक दिवसांनी पोळा झाला, की महिनाभर वाढलेल्या दाढ्या उतरवायला रांग लागते. मग गणपती, पितृपक्षाची ओहोटी, नवरात्र, दिवाळी. आणि तुळशीची लग्ने लागली की माणसांची. दुसरी भरती अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, एप्रिल-मेच्या उन्हात. अकोल्यात किंवा अमरावतीत खुर्चीपुढे नवरदेव, त्याचे चार भाऊ आणि बाहेर वरातीतले दहा जण बसलेले असताना मशीन बंद पडते, ते यंत्राच्या दृष्टीने इतर कुठल्याही दिवसासारखेच असते. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र त्या एका दिवसात महिन्याचा नफा असतो.

म्हणून देखभालीचे वेळापत्रक यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेवरून बांधायचे नसते. दर सहा महिन्यांनी, दर वर्षाने असे जे त्यात छापलेले असते, ते सरासरी पाणी आणि सरासरी हवा गृहीत धरून. वऱ्हाडात दोन्ही सरासरी नाहीत. इथे वेळापत्रक तीन गोष्टींवरून ठरते: टाकीत कुठले पाणी आहे, दुकानात दुपारी पारा किती चढतो, आणि पुढची गर्दी किती आठवडे दूर आहे.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच गुपचूप करते. अमरावती शहराला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे. पण नळ रोज येत नाहीत, आणि सलूनला पाणी रोज लागते; मग बोअर. त्यातही सातपुड्यातून निघून अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांचा प्रदेश म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर या भागांतल्या दुकानदाराला त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

खारे पाणी आणि जड पाणी या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. ते तापले की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि त्याचा पांढरा थर गरम पृष्ठभागावर बसतो. खाऱ्या पाण्यात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात. ते असा थर फारसा देत नाहीत, पण पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि धातू वेगाने गंजतो. बाजारात स्वस्तात मिळणारा टीडीएस मीटर पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, जडपणा किती ते सांगत नाही. त्यासाठी थेंब मोजून रंग बदलेपर्यंत टाकायचा साधा जडपणा-संच मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. सॉफ्टनर बसवला की कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, म्हणजे थर थांबतो पण खारेपणा तसाच राहतो. खारपाणपट्ट्यात निव्वळ सॉफ्टनरवर पैसे घालणारा दुकानदार अर्धाच आजार बरा करतो.

आता गीझर. समजा बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि थंडीत दिवसाला १०० लिटर पाणी तापते. म्हणजे रोज ४० ग्रॅम चुना-मॅग्नेशियम गीझरमधून जाते. त्यातला दहावा भागच आत बसला असे धरले, तरी रोजचे ४ ग्रॅम, महिन्याचे १०० ग्रॅमच्या वर, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हंगामात चारशेच्या पुढे. हा सगळा थर कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी साचतो.

थर बसला की पाणी उशिरा तापते, असे बहुतेक कारागीर सांगतात. हे अर्धवट खरे आहे. पाण्यात बुडालेली २ किलोवॅटची कॉइल थराखाली असली तरी २ किलोवॅटच उष्णता देते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० वर न्यायला तिला सुमारे १३ मिनिटे लागतात आणि थर आल्यावरही जवळपास तेवढीच. फरक असा, की उष्णता थरातून बाहेर यायला धडपडते आणि कॉइल स्वतः खूपच अधिक तापते. एक दिवस तिचे कवच तडकते, पाणी आत शिरते आणि दुकानाचा ईएलसीबी खाली पडतो. म्हणून घड्याळ लावून बसण्यात अर्थ नाही, कान लावावा. गीझर तापताना तडतड, खडखड असा आवाज येऊ लागला तर थराखाली अडकलेले पाणी उकळते आहे. दुसरी खूण म्हणजे पूर्वी तीन डोकी धुऊन व्हायची तिथे दोनच होतात.

गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी गंज तिने स्वतःवर घ्यायचा असतो. खाऱ्या पाण्यात ती झपाट्याने झिजते. जिथे पुस्तिका दोन वर्षे म्हणते तिथे वऱ्हाडात दरवर्षी ती बाहेर काढून पाहावी. जाडी निम्म्यावर आली किंवा मधली तार दिसू लागली तर बदलावी. कांडी संपल्यावर टाकी गळते, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. थर्मोस्टॅट ७०-७५ वर न ठेवता ५५-६० वर ठेवला तर थर बसण्याचा वेग बराच उतरतो. डोके धुवायला तसेही चाळिशीच्या खालचेच पाणी लागते.

हे काम कधी करायचे? मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी आपोआप कढत असते, गीझर बंदच असतो. त्याची गरज दिवाळीनंतर लागते. तेव्हा कॉइल काढणे, चुना खरवडणे, कांडी पाहणे, प्रेशर व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी सुटते का ते बघणे, हे सगळे श्रावणात उरकावे. तेव्हा सुट्या भागांसाठी प्लंबरच्या मागे धावावे लागत नाही आणि तोही रिकामा असतो.

फेशियलच्या स्टीमरला मात्र वार्षिक काम पुरत नाही. त्यात पाणी पूर्ण आटते, म्हणजे क्षार जवळजवळ सगळे आतच राहतात. थर जमला की वाफेबरोबर कढत पाण्याचे थेंब उडू लागतात, आणि ते ग्राहकाच्या गालावर पडतात. वाफ सरळ न येता थुंकल्यासारखी येते, तेव्हाच तो बाजूला ठेवावा. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून जे सायट्रिक ॲसिड मिळते, ते लिटरभर पाण्यात २० ग्रॅम घेऊन थंड स्टीमरमध्ये अर्धा तास ठेवावे, ओतून द्यावे आणि दोनतीनदा स्वच्छ पाण्याने विसळून एकदा वाफ मोकळी सोडावी. बोअरचे पाणी असेल तर हे आठवड्याला, आरओचे असेल तर महिन्याला. डिस्टिल्ड पाणी वापरले तर थराचा प्रश्नच जवळजवळ मिटतो. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी फुकटचे डिस्टिल्ड समजून वापरणारे पुष्कळ आहेत. ते पाणी धुळीने आणि बुरशीने माखलेल्या जाळीवरून आलेले असते, चेहऱ्यावर त्याची वाफ नको.

दुसरा शत्रू उष्मा. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो आणि काही दिवस तो ओलांडतो. कॉर्डलेस ट्रिमर आणि क्लिपरमधल्या लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची कमाल मर्यादा साधारणपणे ४५ अंश सेल्सियस सांगितलेली असते. म्हणजे टिनाच्या छताखाली, खिडकीतल्या बोर्डावर दुपारी दोन वाजता चार्जिंगला लावलेली मशीन निर्मात्याच्या मर्यादेबाहेर असते. त्यातच ती आताच वापरून गरम झालेली. कारागीर म्हणतो, ‘‘गरम होऊन ऱ्हायली ना भाऊ मशीन,’’ आणि तशीच पुन्हा डॉकवर ठेवतो. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री दुकान बंद झाल्यावर किंवा सकाळी लवकर करावे, आणि वापरलेली मशीन आधी पंधरावीस मिनिटे कूलरसमोर ठेवावी. एवढ्या एका सवयीने सेलचे आयुष्य लक्षणीय वाढते.

तरीही सेल संपतोच. एका मशीनवर दिवसाला सात कटिंग, प्रत्येकी बारा मिनिटे, म्हणजे रोज ८४ मिनिटे. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ४२० तास, आणि त्या प्रत्येक दिवशी साधारण एकेक पूर्ण चार्ज. लिथियम सेल बहुधा ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतो. मोटर अजून ठणठणीत असते, पण वर्ष-दीड वर्षात सेल दुपारी चारला मान टाकू लागतो. त्यामुळे मशीन घेताना तिचा सेल सुटा मिळतो का, हे पाहणे रंग आणि ब्रँड पाहण्यापेक्षा महत्त्वाचे. आणि मशीनच्या पोटावर मार्कर पेनने खरेदीचा महिना लिहून ठेवावा. वहीतली नोंद हरवते, पोटावरची नाही.

ब्लेडची गोष्ट रोजची आहे. प्रत्येक कटिंगनंतर ब्रशने केस झाडणे, दिवसातून दोनदा दातांवर तीन-चार थेंब तेल टाकून मशीन काही सेकंद चालू ठेवणे आणि जास्तीचे पुसणे. निर्जंतुकीकरणाचा स्प्रे तेल धुऊन नेतो, म्हणून स्प्रेनंतर तेल, आधी नाही. ब्लेड बोथट झाल्याचे ग्राहकाच्या कपाळावरच्या आठीवरून कळते, कारण केस कापला न जाता ओढला जातो. पण ओढणारी प्रत्येक मशीन बोथट नसते. दोन ब्लेडमध्ये केस अडकलेले असतात, नाहीतर स्क्रू सैल होऊन हलणारे ब्लेड तिरके झालेले असते. आधी उघडून साफ करावे, सरळ बसवावे, मगच धार लावायला द्यावे. हलणाऱ्या ब्लेडचे दात खालच्या स्थिर ब्लेडच्या दातांपेक्षा किंचित मागेच असले पाहिजेत, नाहीतर नवरदेवाच्या मानेला रक्त येते.

तिसरी गोष्ट वीज. लाइन गेली की दुकान इन्व्हर्टरवर येते, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे खरे वय कळते ते तेव्हाच. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो, म्हणून हाती साधारण साडेअकराशे येतात. दोन पंखे, दिवे आणि चार मशीनचे चार्जर मिळून २७० वॅट धरले तर चार तास. त्यावर १५०० वॅटचा ड्रायर लावायचा नसतो. छोटा इन्व्हर्टर तो उचलणारच नाही, आणि उचलला तरी अर्ध्या तासात बॅटरी झोपेल.

उन्हाळा या बॅटरीला फार छळतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी चढले की आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. त्यात पाणीही लवकर आटते. हिवाळ्यात तीन महिन्यांनी चालते ते एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला पाहावे लागते. पाणी डिस्टिल्डच हवे. बोअरचे घातले तर त्यातले क्लोराइड आतल्या जाळ्या खाऊन टाकते, आणि खारपाणपट्ट्यात ते भरपूर असते.

बॅटरी बदलायची कधी, हे तिच्या वॉरंटी कार्डावरून ठरवू नये. फेब्रुवारीअखेर, हंगामाच्या आधी, एखाद्या रिकाम्या दुपारी मेन स्विच बंद करावा, नेहमीचा भार चालू ठेवावा आणि इन्व्हर्टर बोंबलेपर्यंतचा वेळ लिहावा. नवी असताना चार तास आले असतील आणि आता अडीच आले, तर ती या उन्हाळ्यात दगा देणार हे जवळजवळ ठरलेले. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच भारावर हा वेळ लिहिला की दोनतीन नोंदींतच घसरणीचा वेग दिसतो आणि बदलण्याचा महिना आधीच कळतो.

बंद पडून राहिलेली यंत्रेही बिघडतात, हे वऱ्हाडात सगळ्यांनी पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातली सलून मार्चपासून बंद होती, ती २८ जूनला केस कापण्यापुरती उघडली. तीन महिने चार्ज न मिळालेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, लिथियम सेल अती उतरला तर पुन्हा चार्जच घेत नाही. दुकान पंधरा दिवस बंद ठेवायचे असेल तर लिथियमची मशीन निम्मी चार्ज करून ठेवावी आणि इन्व्हर्टर मात्र चालूच असू द्यावा.

हायड्रॉलिक खुर्चीबद्दल थोडक्यात. तिचा आजार सीलचा असतो आणि तो उन्हाळ्यात उघड होतो, कारण तापलेले तेल पातळ होऊन फटीतून लवकर सरकते. खुर्ची पूर्ण वर नेऊन तिच्यावर दुकानातला सर्वांत वजनदार माणूस बसवावा, दांड्यावर चिकटपट्टीने खूण करावी आणि दहा मिनिटे थांबावे. खूण खाली गेली तर पंप बदलायचा. पूर्ण खुर्ची टाकून देण्याची गरज नसते, पंप आणि बैठक वेगळे मिळतात.

आता सगळ्यात चकित करणारी गोष्ट. देखभाल जितकी जास्त तितका बिघाड कमी, असे आपण धरून चालतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांचा अभ्यास करताना कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला उलटेच दिसले. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होई, आणि तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत, मग हळूहळू उतरत. उघडलेले यंत्र पुन्हा जोडताना स्क्रू सैल राहतो, नवा भाग सदोष निघतो. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अहवाल दिला. त्यात फक्त ११ टक्के भागांमध्ये वय वाढते तसा बिघाड वाढतो असे दिसले. उरलेल्या ८९ टक्क्यांसाठी ठरावीक वयाला बदलण्याचा काही उपयोग नव्हता.

सलूनला यातून थेट वापरता येण्यासारखे दोन नियम निघतात. पहिला, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी कुठलेही यंत्र उघडायचे नाही. दुसरा, झिजणाऱ्या गोष्टी, म्हणजे ब्लेड, सेल, ॲनोड, सील, बॅटरी, तारखेने किंवा मोजमापाने बदलायच्या. अचानक मरणाऱ्या गोष्टी, म्हणजे ड्रायरची मोटर, चार्जरचे सर्किट, यांना तारीख लावू नये, त्यांचा जोड ठेवावा.

अकोल्यातले तीन खुर्च्यांचे दुकान घेऊ आणि मुहूर्त आहे तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारचा. उलट मोजू. तीन आठवडे आधी, म्हणजे दिवाळीच्या गर्दीच्या अगोदर, सगळे तपासायचे आणि लागणारे ब्लेड, सेल, ड्रायर मागवायचे. स्थानिक बाजारात नसेल तर नागपूरहून यायला दोनचार दिवस धरायचे. दहा दिवस आधी सगळी उघडाउघडी संपवायची. पुढचे दिवस त्याच यंत्रांवर रोजचे काम चालू द्यायचे, म्हणजे चुकीने बसवलेला स्क्रू साध्या ग्राहकावर उघड होतो. तीन दिवस आधीपासून फक्त झाडणे, तेल, चार्ज आणि ड्रायरच्या मागच्या जाळीतले केस काढणे. ही जाळी तुंबली की ड्रायरमधला थर्मल कटआउट पडून तो मधेच थांबतो आणि लोक तो जळाला समजून नवा आणतात.

अधिक महिना आला की हे गणित बदलते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळी हंगामात येतो आणि लग्ने थांबतात. त्या वर्षी दुरुस्तीचा एक पूर्ण महिना फुकट मिळतो, तो आधीच वहीत लिहून ठेवावा.

जोड ठेवण्याचा फायदा आकड्यांत पाहिला की पटतो. एखादी मशीन एखाद्या दिवशी बंद पडण्याची शक्यता समजा शंभरात एक. तीन खुर्च्यांना तीनच मशीन असतील, तर गर्दीच्या दिवशी निदान एक बंद पडण्याची शक्यता शंभरात जवळपास तीन. चार मशीन ठेवल्या तर एक खुर्ची रिकामी राहायला दोन मशीन एकाच दिवशी मराव्या लागतात, आणि ती शक्यता दहा हजारांत सुमारे सहा. एका जादा मशीनने धोका पन्नासपट घटतो. पण हे गणित खरे ठरायला मशीन एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडायला हव्यात. चारही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या, तर त्यांचे सेल एकाच उन्हाळ्यात थकतात. म्हणून खरेदी टप्प्याटप्प्याने करावी, दर चार-पाच महिन्यांनी एक.

आणि चौथी मशीन म्हणजे ड्रॉवरमधली जुनी, टाकून द्यायची राहून गेलेली नव्हे. तशी मशीन गरजेच्या दिवशी चालू होते, पाच मिनिटांत गरम होते आणि केस ओढते. चौघींवर १ ते ४ आकडे घालून दर आठवड्याला एकेक विश्रांतीला ठेवावी, म्हणजे राखीव मशीन मागच्या आठवड्यातच चालून सिद्ध झालेली असते. हाच फेरा ड्रायरलाही लावता येतो. इन्व्हर्टरला नाही, तिथे दुसरी बॅटरी विकत घेण्यापेक्षा फेब्रुवारीतली ती एक दुपार स्वस्त पडते.